डेडलिफ्ट-स्क्वॅटला कंबर दुखायलीय, वजन कमी करू का बंदच करू? (परभणी)

पेरणी_२६:
नमस्कार मंडळी, मदत पाहिजे. मी परभणीचा, वय २६, कृषी सेवा केंद्रात कामाला आहे. जिम लावून अडीच महिने झाले. त्याच्या आधी व्यायाम असा काही नव्हता पण वजन उचलायची सवय आहे, सीझनमध्ये युरियाच्या ४५ किलोच्या गोण्या दिवसाला चाळीस-पन्नास तरी इकडून तिकडं होतात आणि कंबर कधी दुखली नाही, म्हणून मला वाटलं डेडलिफ्ट आपल्याला सोपी जाईल.

पहिला महिना मशीनवरच होतो. मग रिकाम्या २० किलोच्या रॉडनं सुरू केलं आणि जमतंय म्हणून दर वेळी दोन्ही बाजूला ५-५ किलो वाढवत गेलो, आठवड्यातून दोनदा, स्क्वॅट आणि डेडलिफ्ट एकाच दिवशी. तीन आठवड्यात डेडलिफ्ट ८० ला गेली, स्क्वॅट ६०. आठ-आठचे तीन सेट. तर ८० च्या तिसऱ्या सेटला सहावी का सातवी रेप होती, कंबरेत डाव्या अंगाला चमक भरली. दोन दिवस वाकून बूट घालता येईना. चार दिवस सुट्टी घेतली, परत गेलो तर ६० ला पण तीच जागा. स्क्वॅटला वर असताना काही नाही, पार खाली गेलो की त्या टोकाला ओढल्यासारखं होतं. याला आता तीन आठवडे झाले.

पायात कळ नाही, मुंग्या नाहीत. बेंच, पुलअपला काहीच होत नाही. सकाळी साडेपाचला जातो, उठलं की तोंड धुवून थेट गाडीवर, कारण आठला दुकान उघडावं लागतं. ट्रेनर म्हणतो नवीन आहेस, दुखणारच, मारत राहा. आई म्हणते ते जिम बंद कर. मला बंद नाही करायचं पण कंबर घालवायची पण नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

लोखंडी_लातूर:
भावा पट्टा घे आधी, चामड्याचा चार इंची, मी पट्टा लावला तेव्हापासून टेन्शनच नाही. आणि स्क्वॅटला गुडघे पायाच्या अंगठ्याच्या पुढं अजिबात जाऊ द्यायचे नाहीत, बूड मागं टाकायचं, सगळा लोड कंबरेवर येतोय तो गुडघे पुढं गेल्यामुळं.

बीडचा_काका:
माझी पण कंबर अशीच लागली होती, जिममध्ये नाही, उसाच्या ट्रॉलीवर. एमआरआय काढला, एल-फोर एल-फाईव्हची गादी सरकली म्हणले. सहा महिने काढले बघ. त्यामुळं आधी एमआरआय काढून घे, खर्च होतो पण मनाला शांती.

गोदाकाठ:
पाणी किती पितोस? डाव्या अंगाला दुखायलंय म्हणलास म्हणून विचारायलो. आमच्याकडं बोरचं पाणी आहे, माझा मुतखडा असाच कंबरेत दुखून सुरू झाला, मी वर्षभर कंबरेचं मलम चोळत बसलो होतो. एकदा सोनोग्राफी करून बघ.

पेरणी_२६:
@गोदाकाठ पाणी भरपूर पितो. पण हे फक्त वाकताना आणि वजन उचलतानाच होतंय, नुसतं पडलो तर काहीच नाही.

नांदेड_फिजिओ:
मी नांदेडला फिजिओथेरपी करते आणि स्वतः सहा वर्षं बारबेल उचलते, म्हणून लिहायला घेतलं. खड्याची कळ पडून राहिलं तरी येते, कुशी बदलून आराम पडत नाही, लघवीला जळजळ किंवा रक्त असू शकतं. तुमचं दुखणं वाकण्याशी आणि वजनाशी बांधलेलं आहे, त्यामुळं ते स्नायू-सांध्याचं वाटतंय. एमआरआयची आत्ता घाई नको. कधीच कंबर न दुखलेल्या माणसांच्या एमआरआयमध्ये पण गादी फुगलेली दिसते, आणि मग माणूस त्या रिपोर्टला घाबरून हलायचंच सोडतो. काकांची गोष्ट वेगळी, पायात कळ उतरत असेल तर एमआरआयला अर्थ आहे.

तीन गोष्टी आधी सांगा. डेडलिफ्टला कुठल्या प्लेटी लावता? जमिनीपासून रॉडची उंची टेपनं मोजून सांगा. आणि पायात काय असतं?

पेरणी_२६:
ताई आज मोजून आलो. आमच्याकडं २० किलोच्या प्लेटी दोनच जोड्या आहेत आणि त्या कायम लेग प्रेसला अडकलेल्या असतात, म्हणून मी १०-१० च्या तीन लावतो एका बाजूला. जमिनीपासून रॉड १५ सेमी. पायात पळायचे बूट, मऊ तळव्याचे.

नांदेड_फिजिओ:
इथंच बरंच काही सापडलं. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेमी असतो, म्हणजे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेमीवर येतो, साधारण नडगीच्या मधोमध. तुमचा रॉड त्याच्या साडेसात सेमी खाली आहे, म्हणजे तीन इंच. वजन तेच, पण दर वेळी तीन इंच जास्त वाकावं लागतं. मांडीच्या मागचे स्नायू एका ठिकाणी येऊन संपतात, पुढची ती तीन इंचं कंबर गोल करूनच भरून निघतात. तुमच्या शरीरात दोष आहे असं नाही, प्लेट लहान आहे.

आता गोणीचं. गोणी तुम्ही थप्पीवरून उचलता, कंबरेच्या उंचीवरून, आणि उचलल्या उचलल्या छातीला चिकटवता. वजन अंगाजवळ असलं की कंबरेला कमी ओढावं लागतं. रॉड मात्र नडगीपासून चार बोटं पुढं सुटला तरी तेच ८० किलो कंबरेला बरंच जास्त लागतं. बाजूनं, कंबरेच्या उंचीवर मोबाईल ठेवून एक व्हिडिओ काढा. त्यात दोनच गोष्टी बघा. रॉड नडगीला घासत वर येतो का लांबून, आणि रॉड सुटायच्या आधीच बूड वर उडतंय का. बूड आधी उडालं की पाय संपले, उरलेलं सगळं कंबर ओढते.

@लोखंडी_लातूर भाऊ, गुडघ्याचं उलटं आहे. गुडघे जबरदस्तीनं मागं धरले की तोल सांभाळायला छाती पुढं जाते, गुडघ्याचा लोड थोडा कमी होतो आणि कंबरेचा वाढतो. ज्याची कंबर दुखते त्याला तर हे सांगूच नये. पट्ट्याला माझा विरोध नाही, पण पोटात हवा भरून चारी बाजूनं ताणायला आल्याशिवाय पट्टा नुसता दोरीसारखा बांधलेला राहतो.

लोखंडी_लातूर:
आम्हाला सगळ्या ट्रेनरनी हेच शिकवलंय, आणि माझे गुडघे पट्टा-फॉर्म दोन्हीमुळं टिकलेत. पण कंबरेचं तुमचं म्हणणं बघावं लागंल, व्हिडिओ काढतो माझा पण.

संभाजीनगर_पॉवर:
मी आठ वर्षं पॉवरलिफ्टिंग केलं. ताईंचं प्लेटचं एकदम बरोबर, पण माझ्या मते फॉर्म हेच सगळं आहे, कंबर गोल झाली की गेली. त्यानं रिकाम्या रॉडवर परत यावं आणि दोन महिने फक्त टेक्निक करावं.

नांदेड_फिजिओ:
यावर माझं थोडं वेगळं मत आहे. जगात भले भले लिफ्टर थोडी पाठ गोल ठेवून उचलतात आणि त्यांना काही होत नाही, कारण त्यांचं शरीर वर्षानुवर्षं त्याला सरावलेलं असतं. यांनी तीन आठवड्यात २० वरून ८० केलं. स्नायू लवकर ताकद धरतो, त्यात तुम्हाला गोण्यांची ताकद होतीच, त्यामुळं वजन उठत गेलं. कंबरेच्या बाकी गोष्टींना मात्र तेवढा वेळ मिळाला नाही. फॉर्म बिघडला हे खरं, पण तिसऱ्या सेटच्या सहाव्या रेपला बिघडला, म्हणजे थकल्यावर. रिकाम्या रॉडवर दोन महिने ठेवलं तर परत चढताना तोच प्रश्न येणार.

म्हणून असं करा. रॉडच्या दोन्ही टोकांखाली रबरी मॅट किंवा रुंद लाकडी फळ्या टाकून रॉड साडेबावीस सेमीपर्यंत उचला, गोल प्लेटींच्या डगमगत्या थप्पीवर ठेवू नका. वजन ४०, सहा-सहाचे तीन सेट, आणि अजून तीन रेप निघतील असं वाटलं की थांबायचं. बूट काढून उचला, जिममध्ये चालत नसेल तर सपाट तळव्याचे घाला, मऊ तळ दबला की पाय खाली डगमगतो.

दुखणं दहापैकी तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आधीपेक्षा जास्त नसलं तर तेवढं दुखणं चालेल. असं सलग दोन वेळा झालं तरच पाच किलो चढवायचं. तीनच्या वर गेलं तर त्याच दिवशी दहा किलो उतरवा, घरी जाऊ नका.

स्क्वॅटला रॉड सध्या ठेवून द्या, एक १२ किलोचं डंबेल छातीशी धरून करा. वजन पुढं असलं की छाती आपोआप उभी राहते. खालच्या टोकाला जिथं बूड आत वळायला लागतं, व्हिडिओत दिसेल, त्याच्या दोन इंच वर बाक किंवा खोकं ठेवा, त्याला टेकून वर या. महिनाभर तेवढीच खोली पुरे.

आणि साडेपाचचं. रात्रभर पडून मणक्यातल्या गाद्या पाणी धरून फुगलेल्या असतात, उठल्यावर पहिल्या तासाभरात वाकणं कंबरेला जास्त जड जातं. संध्याकाळी जमत नसेल तर आधी १५ मिनिटं चाला, वरचं अंग करा, डेडलिफ्ट शेवटी.

एक पक्कं लक्षात ठेवा. गुडघ्याखाली कळ उतरली, पाऊल घसटायला लागलं तर डॉक्टरला दाखवा. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा दोन मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा.

बीडचा_काका:
मला कळ पार पोटरीपर्यंत येत होती, ते सांगायचं राहिलंच. मग त्याचं वेगळं म्हणायचं.

पेरणी_२६:
बारा दिवसांनी लिहायलो. व्हिडिओ काढला तर रॉड नडगीपासून चांगला वीतभर पुढून येत होता, मला उचलताना कधी जाणवलंच नव्हतं. ट्रेनरला दाखवला, तो आधी चिडला, मग त्यानंच गोडाऊनमधून दोन जाड फळ्या आणून दिल्या. पहिल्या दिवशी ४० ला दुखणं चार वाटलं म्हणून ३० केलं, मग दोन झालं. आता ४० ला दोन वेळा निभावलं, काल ४५ केलं, आज सकाळी बूट घालताना काही नाही. डेडलिफ्ट संध्याकाळी रविवार-बुधवार ठेवलीय, रविवारी दुकान लवकर बंद होतं.

स्क्वॅटचं मात्र अडलंय. खोक्यावर टेकून काहीच दुखत नाही, पण खोकं काढलं आणि थोडं खाली गेलो की डावीकडं तेच ओढतं, उजवीकडं नाही. व्हिडिओत मी खाली जाताना उजव्या पायावर झुकतोय असं दिसतंय.

संभाजीनगर_पॉवर:
उजवा-डावा पाय सारख्याच कोनात ठेवतोस का? खडूनं जमिनीवर रेघा मारून बघ. माझा डावा घोटा जुन्या फ्रॅक्चरनं वाकत नव्हता, मी पण असाच झुकायचो.

पेरणी_२६:
डावा घोटा दहावीत कबड्डीत मुरगळला होता, तेव्हा प्लास्टर होतं. भिंतीपासून चार बोटांवर पाऊल ठेवून गुडघा टेकवला तर उजवा टेकतो, डाव्याची टाच उचलते.

नांदेड_फिजिओ:
मग ओढीमागं तो घोटा असू शकतो, खात्री नाही. डाव्या नाही, दोन्ही टाचांखाली अडीच किलोची एक-एक प्लेट ठेवून डंबेलचा स्क्वॅट करा आणि परत व्हिडिओ काढा. झुकणं गेलं आणि ओढ पण गेली तर घोट्यावर काम करू. झुकणं गेलं पण ओढ राहिली तर एकदा समोर बघावं लागेल. आणि गोण्यांचा सीझन कधी सुरू होतोय?

पेरणी_२६:
पंधरा दिवसात. पेरण्या लागल्या की दिवसाला पन्नास गोण्या. तेव्हा डेडलिफ्ट चालू ठेवू का थांबवू?

नांदेड_फिजिओ:
गोण्या पण वजनच आहेत. त्या आठवड्यात डेडलिफ्ट एकदाच, तेवढ्याच वजनाला, चढवायचं नाही. टाचांचा व्हिडिओ टाका आधी.