गवंड्याला प्रश्न कसा विचारला? साईटवर उभ्या राहिलेल्यांनी अनुभव लिहा

मीना, सेलू
पुढच्या महिन्यात आमचं काम सुरू होतंय, पहिलंच घर. नवरा पुण्याला नोकरीला, म्हणजे साईटवर मीच. मिस्त्री बोलायला गोड आहे पण काही विचारलं की ‘ताई तुमी बिनघोर ऱ्हावा’ एवढंच. ज्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलंय त्यांनी लिहा ना, कुठे अडवलं आणि कसं.

वैशाली, लातूर
आमचं काम ऐन उन्हाळ्यातलं. कॉलम भरायच्या दिवशी मिक्सरवरचा पोरगा पाइप घेऊन उभा, माल जरा घट्ट दिसला की सोडलं पाणी, मोजमाप काही नाही. माल खाली पडला की खडी एकीकडं अन राखाडी पाणी दुसरीकडं पळायचं. पोरांसमोर मिस्त्रीला चुकतंय म्हणलं की तो दिवस गेलाच, म्हणून बाजूला बोलावून विचारलं, ‘मामा, एका पोत्याला किती लिटर पाणी टाकायलाव?’ ते हसले, ‘अंदाज असतोय ताई आमचा.’ म्हटलं अंदाज बरोबरच असेल, मला फक्त आकडा सांगा, इंजिनिअरला कळवायचाय.

आकडा काही आला नाही, पण कारण आलं. पाणी कमी केलं तर माल खाली उतरत नाही, सळ्या दाट आहेत, मग कॉलमच्या पायथ्याला खडी उघडी पडते. हे खरंच होतं की! म्हणजे माल हलवून खाली बसवायचं व्हायब्रेटरचं काम पाण्यावर भागवणं चाललेलं. व्हायब्रेटर का नाही, तर भाडं कुणाचं ते ठरलं नव्हतं म्हणे. मी म्हटलं भाडं मी देते, पण तो येईपर्यंत मिक्सर बंद. ‘मग दादांना फोन लावतो,’ लावा म्हटलं. दादा म्हणाले ती सांगते तसं करा (आणि रात्री मला विचारतात, व्हायब्रेटर म्हणजे काय गं).

इंजिनिअरने फोनवर पोत्यामागे २५ लिटर सांगितलं. रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा होता, त्याच्यावर ५ लिटरला रेघ मारली, एक डबा भरून आणि एक रेघेपर्यंत, बास. दुपारी खडी तापली की माल परत घट्ट व्हायला लागला, तेव्हा मामांनीच सुचवलं की उद्याच्या खडीवर संध्याकाळीच पाणी मारून ठेवू.

जालन्याचा सिव्हिलवाला
एम-२० ग्रेडच्या काँक्रीटला ५० किलोच्या पोत्यामागे २५ ते २७ लिटर, ठीक आहे. पण वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी त्यातूनच वजा करायचं, हे बहुतेक साईटवर राहून जातं. तरी माल घट्टच असेल तर पाणी नाही, पाणी न वाढवता माल सैल करणारं प्लास्टिसायझर आणा, डब्यावर लिहिलंय तेवढंच टाका. जास्तीचं पाणी उडून गेलं की आत बारीक पोकळ्या राहतात, ताकद तिथंच जाते, पुढं ओल सळईपर्यंत पोचते. पेटी काढल्यावर कॉलमचा पायथा आधी बघा, खडी दिसत असेल तर मिस्त्री गिलावा मारून झाकायच्या आत फोटो काढून इंजिनिअरला दाखवा.

अण्णा, बीड
पाणी कमीच पाहिजे, बरोबर. पण स्लॅबला जास्त झालंच तर वरून कोरडं सिमेंट भुरभुरायचं, ते शोषून घेतंय. आमच्याकडं तसंच केलं, काही झालं नाही. १९९३ ला किल्लारीत पडली ती दगडमातीची घरं, आपलं आरसीसी आहे.

जालन्याचा सिव्हिलवाला
अण्णा, वरचा पापुद्राच तेवढा सुकतो, खालचं पाणी खालीच. तो पापुद्रा नंतर सुटतो. गच्चीवर झाडू मारला की पूड निघते का बघा. आणि आरसीसी नावाला असून भागत नाही, आतला माल कसा आहे त्यावर आहे.

अण्णा, बीड
पूड निघते, पण ती धूळ आहे.

शुभांगी, नांदेड
पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडं फारच हाल, टँकर एक दिवसाआड, बोअरचं पाणी खारट. ते चालतं का?

वैशाली, लातूर
शुभांगी, आम्ही मालात किती टाकायचं ते बोलतोय गं. भरल्यावर मारायचं म्हणत असशील तर कॉलमला गोणपाट गुंडाळून ओलं ठेव, टँकर पुरतो. आम्हाला पीपीसी सिमेंटला किमान १० दिवस सांगितलं होतं. खारट पाण्याचं मात्र तपासून घे, सळईचा प्रश्न आहे.

रेखा, परभणी
मी पण असंच नम्रपणे विचारलं होतं. आमचा मिस्त्री दुसऱ्या दिवशी आलाच नाही, अर्धी भिंत सोडून गेला. अ‍ॅडव्हान्स त्याच्याकडंच. सगळ्यांनाच मामा भेटत नाहीत.

मीना, सेलू
बापरे. मग आधीच बोलून घेऊ का? वाईट वाटेल त्याला?

वैशाली, लातूर
ठरवतानाच बोल. व्हायब्रेटर कुणाचा, भाडं कुणाचं, ते कागदावर घे. आणि अ‍ॅडव्हान्स थोडा दे, बाकी प्लिंथ झाल्यावर, स्लॅब झाल्यावर असं. रंगाचा डबा हवा तर माझा घेऊन जा, आहे अजून.