गाडी लीज की खरेदी: बीएच नंबरचा मुद्दा

"दर दोन-तीन वर्षांनी राज्य बदलतं, रोड टॅक्सची कटकट नको, म्हणून गाडी लीजवरच घ्यावी."

टॅक्सचा प्रश्न लीजने सुटत नाही हो. १२ महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात राहिलेली गाडी तिथे नोंदवावीच लागते, मालक कोणीही असो. त्यापेक्षा स्वतःची गाडी घेऊन बीएच, म्हणजे देशभर चालणारा भारत सीरिजचा नंबर काढा. ९ लाखांच्या पेट्रोल गाडीला पुण्यात ११ टक्क्यांनी ९९ हजार एकरकमी जातात. पुढे बंगळुरूला गेलात की तिथला कर नव्याने भरायचा आणि इथला परतावा मिळवायला एनओसी घेऊन आरटीओचे खेटे घालायचे. बीएचमध्ये कर दोन-दोन वर्षांचाच, आणि बदली झाली तरी नंबर तोच राहतो.

खासगी नोकरी असेल तर कंपनीची कार्यालयं किमान चार राज्यांत हवीत आणि एचआरकडून फॉर्म ६०, म्हणजे नोकरीचा दाखला, सही करून हवा. तो बुकिंगआधीच मागून घ्या, कारण डीलर बीएच नोंदणीला बरेचदा टाळाटाळ करतात. कराचा पुढचा हप्ता मात्र विसरू नका, मुदत संपून सात दिवस झाले की रोज १०० रुपये दंड लागतो.

लीजचा खरा धोका वेगळाच आहे: ती बहुधा नोकरीशी बांधलेली असते. मध्येच कंपनी सोडलीत तर उरलेली रक्कम फोरक्लोजरपोटी, म्हणजे लीज मुदतीआधी बंद करण्यापोटी, एकदम अंगावर येते.