मदत हवी आहे: सारांशासाठी दुभाजक स्लाइड ओळखायची कशी?

रावेर-यावलच्या केळी प्रशिक्षणाच्या पीपीटींचा सारांश `python-pptx` ने मजकूर काढून करतोय. स्लाइडगणिक येणारी तळटीप आधी गाळायची होती, पण ती प्लेसहोल्डरमध्ये नाही, साध्या टेक्स्टबॉक्समध्ये आहे. म्हणून `placeholder_format.type` चा उपयोग झाला नाही. मग आकडे `#` करून निम्म्याहून जास्त स्लाइडवर येणाऱ्या ओळी गाळल्या. ‘पान 7/64’ गेलं, पण ‘युरिया # ग्रॅम प्रति झाड’सुद्धा गेलं! आता `shape.top` पाहून फक्त वरच्या-खालच्या दहा टक्के पट्ट्यातल्याच ओळी गाळतो. ते नीट चालतंय. अनुक्रमणिका पुन्हा आली की सोडतो.

अडलंय दुभाजकांवर, म्हणजे नवा भाग सुरू होताना येणाऱ्या नुसत्या शीर्षकाच्या स्लाइडवर. आठपेक्षा कमी शब्दांची स्लाइड काढली, तर ‘करपा: पानाची खालची बाजू’ अशी फोटोची स्लाइडही जाते. शिवाय ‘चौथा महिना’ हा दुभाजक गेला की पुढची खतमात्रा कोणत्या महिन्याची तेच कळत नाही. लेआउटचं नाव सगळीकडे एकच आहे, फाइली जुन्या आहेत, हाताने खुणा करणं शक्य नाही.

दुभाजक आणि फोटो-स्लाइड वेगळी करायला कोणती कसोटी लावू, आणि दुभाजकाचं शीर्षक पुढच्या स्लाइडना कुठपर्यंत जोडत न्यायचं?