प्रोस्टेटच्या गोळीनंतर वीर्य बाहेर न येणे

> "फोंड्याच्या डॉक्टरांनी सिलोडोसिन ८ दिली. दहा दिवस झाले, सुख पूर्ण मिळतं पण वीर्य थेंबभरही नाही. आत काही तुंबलंय का?"

नाही हो, तुंबलेलं काही नाही. एरवी वीर्यपतनाच्या क्षणी मूत्राशयाचं तोंड घट्ट मिटतं आणि वीर्य पुढे फेकलं जातं. लघवी मोकळी व्हावी म्हणून ही गोळी नेमका तोच स्नायू सैल करते. मग वीर्य मागे मूत्राशयात जातं आणि पुढच्या लघवीतून निघून जातं. शिवाय सिलोडोसिनने वीर्यकोशांचं आकुंचनही मंदावतं, त्यामुळे मुळात वीर्यच कमी येतं.

संबंधानंतरची पहिली लघवी काचेच्या पेल्यात धरून पाहा. गढूळ दिसली तर वीर्य मागे गेलं असण्याची शक्यता आहे. खात्री हवी असेल तर तीच लघवी लगेच लॅबमध्ये द्या, सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू दिसतात.

शरीराला यातून अपाय नाही. गोळी थांबवल्यावर बहुधा काही दिवसांतच पूर्ववत होतं, पण स्वतःहून थांबवू नका, लघवी अडकू शकते. फारच खटकत असेल तर अल्फुझोसिनबद्दल डॉक्टरांना विचारा, त्यात हा त्रास बराच कमी. दुर्बिणीने प्रोस्टेट खरवडल्यावर मात्र हा बदल बहुधा कायमचा राहतो. मूल हवं असेल तर शस्त्रक्रियेआधीच सांगा. आणि याला गर्भनिरोधक समजू नका.