मदत हवी आहे: शाळेतून मुलं आणायच्या पाळ्या, आणि आयत्या वेळी कोणी आजारी पडलं तर?

पिहूची_आई:
आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. एकाच सोसायटीतली चार घरं, चार मुलं, पहिली ते चौथीतली. शाळा अडीचला सुटते. सकाळी सोडायचं काम रोज बँकेतल्या बाबांकडे आहे, कारण दुपारी त्यांना निघता येत नाही. दुपारचं आम्ही तिघींनी वाटून घेतलंय. माझं ऑफिस हिंजवडीला, सोमवारी आणि शुक्रवारी घरून काम. दुसऱ्या ताई खराडीला, त्या मंगळवार-बुधवार घरी. डॉक्टर वहिनींचा दवाखाना गुरुवारी दुपारी बंद.

छान चाललं होतं. गेल्या मंगळवारी खराडीवाल्या ताई तापाने फणफणल्या. त्यांनी बाराला ग्रुपवर टाकलं, "आज कोणाला जमेल का?" सगळ्यांनी वाचलं, दोघांनी "काळजी घ्या" लिहिलं आणि दोन वाजता कळलं की कोणीच निघालेलं नाही. डॉक्टर वहिनींचे दीर धावत गेले, तर कार्डावर त्यांचा फोटो नाही म्हणून गेटवर मुलं देईनात. वर्गशिक्षिकेला फोन होऊन मुलं मिळेपर्यंत सव्वातीन झाले. बदली माणसाचं नक्की कसं ठरवता तुम्ही?

रानवारा:
सरळ व्हॅन लावा ना. आमच्याकडे पाच वर्षं एकच काका आहेत, कधी दांडी नाही.

पिहूची_आई:
व्हॅन लावून बघितली, मुलं कोंबून नेतात. प्रश्न व्हॅनचा नाहीये.

सुहास_काका:
आम्ही दोन्ही मुलींच्या वेळी हे केलंय. घोळ ग्रुपवर विचारण्यात आहे. सगळ्यांना विचारलं की कोणालाच विचारलं जात नाही. प्रत्येक वाराला दोन नावं हवीत, पाळीचं आणि बदलीचं. जो आजारी पडेल त्याने फक्त त्या बदलीवाल्याला फोन करायचा. मेसेज नाही, फोन. तो "घेतलं" म्हणाला की मगच ग्रुपवर टाकायचं. रात्री अंगात कसकस असेल तर तेव्हाच सांगून ठेवायचं.

आता तुमचंच घ्या. मंगळवारी खराडीवाल्या ताई पडल्या तर तुम्ही हिंजवडीत. दीड वाजता निघालात तरी वेळेवर पोचाल याची खात्री नाही. म्हणजे एकमेकींना बदली लावलंत तर ती कागदावरच राहील. बदली माणूस त्या दुपारी कोथरूडमध्येच असणारा हवा. आणि शक्यतो ज्याचं मूल त्या गाडीत नाही असा, कारण जुलै-ऑगस्टमध्ये एकाला ताप आला की आठवड्यात चारही घरं आडवी होतात.

नाना_कोथरूड:
आजोबा-आजी आहेत की! रिक्षाने आणतील. आणि १२ वर्षांखालची मुलं दीडपट बसवता येतात, नियमच आहे तसा.

सुहास_काका:
नाना, तो हिशोब शाळेच्या परवानाधारक गाड्यांचा. घरच्या गाडीत जितके पट्टे तितकीच माणसं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. रिक्षात तर तीनच प्रवासी, म्हणजे आजोबा आणि दोन मुलं. उरलेल्या दोघांचं काय? पाच सीटच्या टॅक्सीतही ड्रायव्हर धरून सहा होतात. आजोबांना बदली लावायचं तर सात सीटची गाडी बोलवावी लागेल, ती लगेच मिळतेच असं नाही. एकदा साध्या दिवशी करून बघा.

अनुजा७:
दीर खरंच बदली म्हणून हवे असतील तर आजच त्यांचा फोटो आणि चारही घरांच्या सह्यांचं पत्र शाळेत द्या. चारही मुलांच्या कार्डांवर त्यांचं नाव हवं, फक्त पुतण्याच्या नाही. आमच्याकडे नेमकं तिथेच अडलं होतं.

अजून एक. स्वतःचं मूल आजारी असलं तरी पाळी चुकत नाही, हे आधीच बोलून घ्या. मूल घरी तापलेलं असताना दुसऱ्यांची तीन आणायला जायचं जिवावर येतं. घरी सोबतीला कोणी नसेल तर बदलीवाल्याला फोन करायचा, पण तापाचं मूल गाडीत घालून न्यायचं नाही.

रानवारा:
पैसे वाटून घेता का? पेट्रोलचे?

सुहास_काका:
आम्ही पैशांत कधी पडलो नाही, पाळीला पाळी. खाजगी गाडी भाड्याने चालवली तर विमा हात वर करू शकतो. आपापसांत पेट्रोल वाटून घेणं म्हणजे भाडं नव्हे, पण दर मुलामागे महिन्याला ठरावीक रक्कम घ्यायला लागलात तर तसं दिसायला लागतं.

पिहूची_आई:
धन्यवाद. दिरांना विचारलं, त्यांचं दुकान डहाणूकर कॉलनीत आहे, गाडी आहे, दुपारी तासभर निघू शकतात. ते मंगळवार-बुधवारला बदली. पत्र उद्या देते. सोमवारी आणि शुक्रवारी बदलीला अजून कोणी नाही, सासरे टॅक्सी करून बघतो म्हणतायत.

एक मात्र आमच्यात जुळत नाहीये. बदलीवाल्याची पाळी नंतर फेडायची का? डॉक्टर वहिनी म्हणतात आजारपणाचा हिशोब नको. बँकेतले बाबा म्हणतात, फेडलं नाही तर दोन महिन्यांत एकाच माणसावर सगळं येतं.

अनुजा७:
फेडायची, पंधरा दिवसांच्या आत. पण दीर फक्त काका म्हणून येतायत ना, त्यांना कोण आणि कसं फेडणार?

सुहास_काका:
माझं मत वहिनींच्या बाजूने. आमच्याकडे मात्र याच्यावरूनच एक घर बाहेर पडलं होतं.