प्रतिसाद: सोड्याची बाटली आणि दहा मीटर

> "सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे येतात, तर दहा मीटरवरून झटकन वर आलेल्याला काही का होत नाही?"

कारण पाण्यातून वर येणाऱ्या पाणबुड्याच्या शरीरात बुडबुडे धरायला दाबातली घट पुरेशी मोठी लागते. दहा मीटर खोल पाण्यात दाब २ वातावरण, पृष्ठभागावर १, म्हणजे निम्मा. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली दाखवलं, की एवढी घट शरीर बहुधा सोसतं. तीस मीटरवर दाब ४. तिथे बराच वेळ राहिलं की रक्तात, चरबीत श्वासातल्या हवेतला नायट्रोजन मुरतो. थेट वर आलात तर दाब एक चतुर्थांशावर येतो. नायट्रोजन फुप्फुसांपर्यंत पोहोचण्याआधीच ऊतींत, रक्तात बुडबुडे धरतात आणि सांधे ठणकतात. म्हणून वाटेत थांबे. मात्र दहा मीटरवरूनही श्वास रोखून वर येऊ नका, फुप्फुस फाटू शकतं. तो आजार वेगळा.