सममिती आणि आरोग्य: दुवा नेमका कुठे तुटतो

> "सममित चेहरा म्हणजे निरोगी जनुकं, म्हणून तो आवडतो. यात चूक काय?"

या युक्तिवादाला दोन पायऱ्या आहेत. पहिली, सममित चेहरा जास्त आवडतो. ही बऱ्यापैकी टिकते, फक्त परिणाम लहान आहे. शिवाय फोटोत मान जरा वळली तरी असममिती वाढलेली दिसते. फोटो त्याच्याच आरशातल्या प्रतिमेत मिसळून सममित केला, तर त्वचाही गुळगुळीत होते. मग लोकांना नक्की काय आवडलं?

खरी अडचण दुसऱ्या पायरीची: सममित म्हणजे निरोगी. 2014 साली ब्रिटनमधल्या 4,732 किशोरवयीन मुलांच्या चेहऱ्यांचे त्रिमितीय स्कॅन आणि त्यांच्या बालपणातल्या आजारपणाच्या नोंदी ताडून पाहिल्या गेल्या. संबंध आढळला नाही. पूर्वीचे अभ्यास छोटे होते, आणि छोट्या नमुन्यातले 'सापडलं' म्हणणारे निकालच जास्त छापले जातात.

1999 सालचा एक प्रयोग तर मजेशीर आहे. पुरुषांचा फक्त अर्धा चेहरा दाखवला, तरी ज्यांचा पूर्ण चेहरा सममित होता त्यांनाच स्त्रियांनी जास्त गुण दिले. अर्ध्या चेहऱ्यात सममिती दिसणार कुठून? म्हणजे पसंती दुसऱ्याच कशावर तरी ठरत होती.